जेवणानंतरचे कडू पेय : इटलीतील ‘आमारो’

इटलीमध्ये रात्रीचे भरगच्च जेवण संपले, की पुष्कळ घरी आणि उपाहारगृहांत एका लहान पेल्यात गडद तपकिरी रंगाचे पेय दिले जाते. त्याला ‘आमारो’ म्हणतात. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘कडू’ असाच आहे. मिलान येथील रामाझोत्ती (1815) व फेर्नेत-ब्रांका (1845), सिसिलीतील आव्हेर्ना (1868) आणि बोलोन्या येथील मोन्तेनेग्रो (1885) हे आमारोचे जुने व प्रसिद्ध प्रकार होत. प्रत्येकाची वनौषधींची यादी निराळी असते आणि ती बहुधा गुप्त राखली जाते. परंतु सर्वांच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच आहे. मद्यार्काच्या साहाय्याने वनस्पतींतील कडूपणा व सुगंध काढून घ्यावयाचा आणि साखर व पाणी यांच्या योगाने तो जिभेला रुचेल इतपत सौम्य करावयाचा. हे काम वरवर सोपे दिसते. ते साधते वा बिघडते, हे प्रमाण आणि काळ या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

कडूपणाचा उगम

आमारोतील कडूपणा अनेक वनस्पतींपासून येतो. सिंकोनाची साल, रेवाचिनीचे मूळ, कोरफडीचा सुकविलेला रस आणि आपल्या दवण्याच्या वर्गातील ‘वर्मवुड’ हे झुडूप या त्यांपैकी काही होत. परंतु या सर्वांत अग्रगण्य वनस्पती म्हणजे जेन्शियन. आल्प्स व युरोपातील इतर पर्वतांवरील कुरणांत ही पिवळ्या फुलांची, पुरुषाच्या कमरेइतकी किंवा त्याहून उंच वनस्पती उगवते. तिला प्रथम फुले येण्यास अनेक वर्षे लागतात आणि औषधी उपयोग होतो तो तिच्या जाड मुळाचा.

या मुळात अमॅरोजेंटिन नावाचे एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. त्याचा एक भाग सुमारे 5 कोटी 80 लक्ष भाग पाण्यात विरघळविला, तरीही कडवटपणा जाणवू शकतो. निसर्गातील अत्यंत कडू द्रव्यांत त्याची गणना होते. भारतीय वाचकाला या चवीची ओळख करून घेण्यासाठी दूर जावयास नको. हिमालयातून येणारे आणि काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे काडेचिराईत जेन्शियनच्याच कुळातील असून, त्यातही अमॅरोजेंटिन आढळते.

मूळ कसे वाळविले, यावरही चव अवलंबून असते. खणलेले मूळ लगेच काप करून वाळविल्यास ते आतून पिवळसर राहते व फार कडू असते. ते ढीग करून सावकाश वाळू दिले, तर आतल्या आत आंबण्याची क्रिया होते, रंग तांबूस तपकिरी होतो, एक विशिष्ट वास येतो आणि कडूपणा उतरतो. म्हणून ‘अमुक ग्रॅम जेन्शियन’ एवढ्याने प्रमाण निश्चित होत नाही. मुळाचा रंगही पाहावा लागतो.

मद्यार्काची तीव्रता

जेन्शियनमधील कडू द्रव्ये पाण्यात चांगली विरघळतात. याउलट, नारिंगाच्या सालीतील वा वेलदोड्यातील सुगंधी तेले पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, परंतु तीव्र मद्यार्कात सहज विरघळतात. एकाच भांड्यात दोन्ही काढावयाची असतील, तर मद्यार्क फार तीव्र असून चालत नाही आणि फार सौम्य असूनही चालत नाही. यासाठी सुमारे 70 टक्के तीव्रतेचा मद्यार्क हा मध्यममार्ग सोयीचा ठरतो.

एक लिटर आमारो तयार करण्याचे उदाहरण घेऊ. तयार पेयात 30 टक्के मद्यार्क व 200 ग्रॅम साखर असावी, असे ठरविले आहे. 1000 मिलिलिटरचे 30 टक्के म्हणजे 300 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. बाजारातील 96 टक्क्यांच्या मद्यार्कातून तो घ्यावयाचा, तर सुमारे 312 मिलिलिटर लागेल. त्यात पाणी घालून एकूण 428 मिलिलिटर केले, की त्याची तीव्रता 70 टक्के होते. येथे 116 मिलिलिटर पाणी पुरेल, असे वजाबाकीवरून वाटते. प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक लागते. याचे कारण असे, की पाणी व मद्यार्क मिसळले असता त्यांचे रेणू एकमेकांच्या अधिक जवळ येतात आणि एकूण आकारमान घटते. म्हणून पाणी मोजून न ओतता मोजपात्रातील 428 च्या खुणेपर्यंत भरावे.

या मद्यार्कात 3 ग्रॅम वाळलेले जेन्शियन, कडू नारिंगाची 10 ग्रॅम वाळलेली साल, 2 ग्रॅम अँजेलिकाचे मूळ, 1 ग्रॅम वर्मवुड आणि 4 ठेचलेले वेलदोडे घालून काचेची बरणी घट्ट बंद करतात व अंधाऱ्या जागी ठेवतात. सालीच्या आतील पांढरा भाग आधीच खरवडून टाकतात. त्याचा कडूपणा रुक्ष असतो. बरणी रोज एकदा हलवितात.

कडूपणा पुरेसा उतरला की नाही, हे अर्क तसाच चाखून कळत नाही. तीव्र मद्यार्काने जीभ पोळते आणि चव झाकली जाते. त्याकरिता अर्क तयार पेयाइतका सौम्य करूनच चाखावा लागतो. 428 मिलिलिटर अर्काचे अखेर 1000 मिलिलिटर होणार आहेत. तेव्हा 10 मिलिलिटर अर्कात 13 मिलिलिटर साखरपाणी मिसळले, की पुढील पेयाचा नमुना हाती येतो. हे साखरपाणी दर 100 मिलिलिटरमध्ये 35 ग्रॅम साखर या प्रमाणात करतात. पाचव्या दिवसापासून अशी परीक्षा घेत जावी आणि चव साधताच अर्क गाळून घ्यावा. बहुधा एक ते दोन आठवडे पुरतात. गाळलेल्या वनौषधी पिळून घेतात, आणि त्यांनी शोषलेला व परीक्षेत खर्च झालेला भाग 70 टक्के मद्यार्काने भरून काढून पुन्हा 428 मिलिलिटर करतात.

नंतर 200 ग्रॅम साखर सुमारे 400 मिलिलिटर पाण्यात विरघळवून, निववून अर्कात मिसळतात व पाण्याने एक लिटरपर्यंत भरतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार लिकर या वर्गातील पेयात साधारणपणे लिटरमागे निदान 100 ग्रॅम साखर असावी लागते. आपल्या उदाहरणातील प्रमाण त्याच्या दुप्पट आहे. मिश्रण काही आठवडे थंड जागी ठेवले, की चवी एकजीव होतात.

येथे दिलेले उदाहरण तत्त्व कळावे म्हणून आहे. महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करणे 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे.

काय बिघडते व ते कसे ओळखावे

साखरपाणी घालताच स्वच्छ अर्क कधीकधी दुधाळ होतो. मद्यार्काची तीव्रता 70 वरून 30 टक्क्यांवर आली, की त्यात विरघळलेली तेले व राळ सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडतात. हेच कारण आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. चमचाभर गढूळ पेयात थोडा तीव्र मद्यार्क टाकावा. ते स्वच्छ झाले, तर गढूळपणा तेलांचा समजावा. न झाले, तर तो सालीतील पेक्टिन किंवा वनौषधींच्या बारीक भुकटीचा असण्याचा संभव अधिक. दोन्ही प्रकारचा गढूळपणा पेय थंडाव्यात स्थिर ठेवून गाळल्यास बराच कमी होतो. त्याने अपाय होत नाही. तेलांबरोबर थोडा सुगंध मात्र जातो.

कडूपणा अधिक झाला, तर उपाय अवघड असतो. साखर कडू द्रव्याचा नाश करीत नाही. ती फक्त त्याची जाणीव मंद करते. अधिक साखर घातल्याने पेय पाकासारखे दाट होते आणि घोट गिळल्यावर कडूपणा पुन्हा वर येतो. जेन्शियन न घालता तसाच दुसरा घाणा करून दोन्ही मिसळणे हाच खरा उपाय होय. म्हणूनच अनेक कारागीर कडू मुळांचा अर्क वेगळ्या बरणीत काढतात व शेवटी थोडथोडा मिसळतात.

दोन चुका मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत. पहिली म्हणजे मूळ ओळखण्यातील चूक. जेन्शियन उगवते त्याच कुरणांत ‘व्हेराट्रम’ ही विषारी वनस्पती उगवते आणि फुले नसताना दोघी सारख्या दिसतात. चुकीचे मूळ वापरून घरी केलेल्या पेयांमुळे युरोपात विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. ओळखण्याची खूण पानांच्या रचनेत आहे. जेन्शियनची पाने देठावर समोरासमोर, जोडीजोडीने येतात. व्हेराट्रमची एकाआड एक येतात. दुसरी चूक म्हणजे औद्योगिक स्पिरिट वापरणे. त्यात मुद्दाम मिसळलेले मेथिल मद्यार्कासारखे विष गाळून किंवा भिजवून निघत नाही. खाद्य प्रतीचाच मद्यार्क वापरणे अपरिहार्य आहे.

आस्वाद

आमारो घटाघटा पिण्याचे पेय नव्हे. लहान पेल्यात सुमारे 40 मिलिलिटर घेतात आणि प्रथम वास घेतात. पहिल्या घोटात गोडवा लागतो, पाठोपाठ नारिंग व वेलदोड्यासारखे सुगंध येतात, आणि घोट गिळल्यावर कडूपणा हळूहळू वर येऊन बराच वेळ रेंगाळतो. पुढचा घोट तो ओसरल्यावरच घ्यावयाचा. फार थंड केल्यास सुगंध व गोडी दोन्ही मंदावतात. म्हणून सुगंधप्रधान आमारो साध्या तापमानास, आणि पुदिन्यासारखी थंडावा देणारी चव असलेला बर्फाबरोबर घेणे बरे वाटते. कोणी त्यात नारिंगाची फोड टाकतात, कोणी सोडा घालतात. इटालियन स्थलांतरितांमुळे अर्जेंटिनात पोहोचलेले फेर्नेत तेथे कोलाबरोबर लोकप्रिय झाले आहे.

आमारोने अन्न पचते, ही समजूत जुनी आहे. कडू चवीने लाळ सुटते, हे खरे. परंतु 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वित्झर्लंडमधील 20 निरोगी व्यक्तींवरील एका प्रयोगात, चीजच्या जड जेवणाबरोबर व नंतर मद्य घेतल्यास जठर रिकामे होण्यास अधिक वेळ लागतो, असे आढळले. शिवाय वरील 40 मिलिलिटर आमारोत 12 मिलिलिटर, म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि मद्यार्क कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत मोडतो. वनौषधींचा अर्क असल्याने तो औषध ठरत नाही. इटलीत त्याचा पेला लहान असतो आणि तो जेवणाच्या अखेरीस, गप्पा चाललेल्या असताना, सावकाश रिकामा होतो. कडू चव घाईने घेता येत नाही, हाच त्या लहान पेल्यातील खरा संयम होय.