कच्च्या प्लास्टरमध्ये लंडनपर्यंत

मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून लंडनला जायचं ठरलेलं आणि जिन्यात पाय मुरगळून घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं. डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं: पोटरीमागे स्लॅब आणि वरून क्रेप बँडेज. घरात सगळ्यांचं म्हणणं, एवढा लांबचा प्रवास, तर पक्कं प्लास्टरच घालून घ्यावं. डॉक्टरांनी साफ नकार दिला, आणि त्यांचं म्हणणं मला प्रवासात पुरेपूर पटलं.

ताज्या दुखापतीत सूज वाढत असते. त्यात तासन्‌तास पाय खाली राहिला की ती आणखी चढते. पक्कं प्लास्टर चारही बाजूंनी बंद असतं, ते ताणत नाही. मग सूज आतल्या रक्तवाहिन्यांवर दाब देते. म्हणूनच पक्कं प्लास्टर घालून ४८ तास झाले नसतील, तर लांबच्या उड्डाणासाठी बऱ्याच विमान कंपन्या ते उभं चिरून आणायला सांगतात.

विमानात काही तासांनी माझी बोटं टम्म झाली आणि बँडेज काचू लागलं. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नवऱ्याने अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं, माझं रेंगाळलं. त्याने स्लॅब जागेवर धरून बँडेज उलगडलं आणि सैल बांधलं. थोड्या वेळाने नखाचा रंग पटकन परतू लागला. तसं झालं नसतं, बोटं बधिर किंवा निळसर पडली असती, किंवा ती हलकेच वर ओढल्यावर असह्य कळ आली असती, तर लगेच केबिन क्रूला सांगायचं ठरलं होतं. अशी कळ गोळी घेऊन दाबत बसू नये.

पाय समोरच्या पिशवीवर ठेवला, तरी तो छातीच्या वर जात नाही, त्यामुळे सूज फक्त थोडी आवरते. म्हणून तासातासाला बोटं हलवायची, मांडीचा स्नायू आवळून सोडायचा आणि चांगल्या पायाचा घोटा वरखाली करायचा. प्लास्टरमधल्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. रक्त पातळ करणारं इंजेक्शन हवं का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं. पुढच्या काही आठवड्यांत पोटरी दुखली किंवा धाप लागली, तर तडक रुग्णालय गाठावं.

कुबड्या धरल्या की दोन्ही हात अडकतात. त्यामुळे औषधं, एक्स-रे आणि पासपोर्ट पाठीवरच्या हलक्या सॅकमध्ये ठेवले आणि बाकी सगळं चेक-इन केलं. खांद्याला लटकणारी पर्स मुळीच घेऊ नका, ती झुलून तोल घालवते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी.

विमानाऐवजी रेल्वेने जायचं असेल, तर आडवं होता येतं, ही मोठी सोय. खालचा बर्थ घ्यावा, पोटरीखाली घड्या घातलेलं ब्लँकेट ठेवून पाय छातीच्या वर ठेवावा आणि तो खिडकीकडे करावा. वाटेच्या बाजूला ठेवला, तर रात्री येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगा नेमक्या त्यालाच लागतात.