नीच शुक्र म्हणून लग्न जमणार नाही?

प्रश्न : मुलीचा जन्म सप्टेंबर 2000 चा. वृश्चिक लग्न, शुक्र कन्येत नीच, सप्तमात शनी. एका ज्योतिषांनी ‘विवाहसुख नाही’ म्हटले. खरे का?

उत्तर : ताई, एवढ्यावर निकाल देता येत नाही. वृश्चिक लग्नाला सप्तमात वृषभ येते, म्हणजे शुक्र सप्तमेशही आहे आणि विवाहाचा कारकही. तो नीच दिसला की घाबरणे साहजिक, पण त्याच्यासोबत कन्येतच बुध आहे, तोही उच्चीचा. नीच राशीचा स्वामी असा बलवान असेल तर शास्त्रात नीचभंग मानतात. शिवाय शुक्र लाभस्थानी आहे आणि रवी सिंहेत, बराच दूर, म्हणून तो अस्तंगतही नाही.

सप्तमात शनीसोबत गुरू आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. शनी उशीर करतो, जोडीदार वयाने किंवा वृत्तीने पोक्त दाखवतो. गुरू नाते टिकवतो आणि पाचव्या दृष्टीने शुक्रालाही पाहतो. जोडीदार मित्रवर्तुळातून किंवा कामाच्या ओळखीतून येण्याचा संभव जास्त. मात्र कन्येतला शुक्र चिकित्सक असतो. स्थळे नाकारली जातात ती बहुधा इथेच!

काळाचे म्हणाल तर तुम्ही पाठवलेल्या पत्रिकेत बुध महादशेतली शुक्राची अंतर्दशा 2026 अखेरीस सुरू होते. ती दोन वर्षे दहा महिन्यांची. त्यातही 2028 च्या उत्तरार्धात गोचर गुरू कन्येत, म्हणजे जन्मस्थ शुक्रावरून जाईल आणि सप्तमाला नववी दृष्टी देईल. मी तो काळ धरेन. जन्मवेळ मात्र दाखल्यावरून तपासा. काही मिनिटांनी नवमांश बदलतो.