संध्याकाळचं नेट आणि वहीतले आकडे

मी पोलादपूरला राहते आणि रोज संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. घरी 100 एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. कंपनी मोठी, राज्यभर पसरलेली. तिचं इथलं काम महाडचा फ्रँचायझीवाला बघतो. दिवसभर नेट झकास चालायचं, पण रात्रीचे आठ वाजले की रडायला लागायचं. मुलांना मी व्यवस्थित दिसायचे, मला मात्र त्यांचे गोठलेले चेहरे दिसायचे आणि शंका विचारणाऱ्याचं वाक्य मधेच तुटायचं. फोनवर तक्रार केली की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माणूस यायचा, मोबाइलवर स्पीड दाखवायचा, "ताई, फुल स्पीड आहे बघा" म्हणायचा आणि तक्रार बंद व्हायची. तो खोटं बोलत नव्हता. सकाळी अकराला स्पीड खरंच पूर्ण होता. शेवटी लेखी तक्रार केली आणि ती मार्गी लागली. त्यातून जे कळलं ते असं.

1. चांगल्या वेळेचीही नोंद ठेवा.

नुसते रात्रीचे वाईट आकडे पाठवले तर कंपनी म्हणते, तुमचा राउटर जुना झालाय. तोच राउटर, तीच वायर आणि तोच लॅपटॉप सकाळी पूर्ण स्पीड देतो हे शेजारी दिसलं की ते उत्तर देता येत नाही. म्हणून मी पंधरवडाभर रोज ठरलेल्या चार वेळी चाचणी घेतली. माझ्या वहीतला एक दिवस असा आहे:

सकाळी 6.30 : डाउनलोड 94, अपलोड 92, पिंग 9
दुपारी 3.00 : डाउनलोड 93, अपलोड 92, पिंग 9
रात्री 8.30 : डाउनलोड 11, अपलोड 88, पिंग 74
रात्री 11.45 : डाउनलोड 90, अपलोड 91, पिंग 10

स्पीड एमबीपीएसमध्ये आणि पिंग मिलिसेकंदात. वीज गेली, पावसात लाइन तुटली किंवा हायवेच्या खोदकामात केबल कापली गेली, त्या दिवसांवर वेगळी खूण केली आणि ते हिशेबात धरले नाहीत. त्या निराळ्या तक्रारी आहेत. इथे मिसळल्या की मुख्य तक्रार पातळ होते.

2. आधी घरातला संशय मिटवा.

चाचणी वाय-फायवर घेऊ नका. लॅपटॉपला लॅन केबल थेट राउटरपासून जोडा, घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही तेवढ्यापुरते वाय-फायवरून काढा. मग लॅपटॉपवर या दोन आज्ञा द्या:

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिला पत्ता राउटरचा आहे. काही राउटरचा वेगळा असतो, तो मागच्या लेबलवर लिहिलेला सापडतो. दुसरा बाहेरचा. रात्री साडेआठला माझा राउटर एका मिलिसेकंदात उत्तर देत होता आणि बाहेरचं उत्तर सत्तरच्या पुढे रेंगाळत होतं, मधूनमधून येतच नव्हतं. म्हणजे घरात काही बिघडलेलं नव्हतं.

3. अपलोडचा आकडा सोडू नका.

वहीत मला सगळ्यात बोलका वाटला तो हाच. रात्री डाउनलोड 94 वरून 11 वर यायचं, अपलोड मात्र जवळपास जागच्या जागी. फायबर वाकली असती किंवा तिचा जोड खराब असता, तर त्रास घड्याळ बघून आला नसता. संध्याकाळी घरोघरी मालिका, क्रिकेट, यूट्यूब सुरू होतं. सगळे एकाच वेळी खाली ओढतात, वर पाठवणारे थोडे. म्हणून जाम होते ती येणारी दिशा.

कंपनीचं दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे "तुमचा महिन्याचा डेटा संपला, म्हणून स्पीड कमी केलाय." त्याचीही ओळख सोपी आहे. डेटा संपून कमी झालेला स्पीड पुढचं बिलचक्र सुरू होईपर्यंत दिवसरात्र तसाच राहतो, रात्री पावणेबाराला परत 90 वर जात नाही. तरी खात्यातल्या डेटा वापराचा स्क्रीनशॉट मी पत्राला जोडलाच.

4. दोन ठिकाणांशी चाचणी घ्या.

स्पीडटेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बरेचदा आपल्याच कंपनीचा निघतो. त्यामुळे आकडा भरपूर येतो आणि व्हिडिओ तरीही अडकतो. रात्री 8.40 ला कंपनीच्या सर्व्हरशी मला 92 मिळाले आणि दोन मिनिटांत मुंबईतल्या दुसऱ्या सर्व्हरशी 12. माझ्या घरापासून कंपनीपर्यंतची लाइन ठणठणीत होती, गर्दी होती ती कंपनीकडून पुढे बाहेर जाणाऱ्या जोडणीवर. सर्व्हरचं नाव स्क्रीनवर दिसतं, तेही टिपून ठेवा. शेजारच्यांनी त्याच वेळी घेतलेला आकडाही जोडला, तोही असाच होता.

5. पत्र एका पानाचं हवं आणि मागणी नेमकी हवी.

मनस्ताप, मुलांचं नुकसान, किती वर्षांचे ग्राहक आहोत, हे सगळं मी काढून टाकलं. ते खरं होतं, पण वाचणारा त्यावर काही करू शकत नाही. गाभा एवढाच ठेवला:

"माझं कनेक्शन 100 एमबीपीएसचं आहे. रोज रात्री साधारण 8 ते 11 या वेळात डाउनलोड 10 ते 15 एमबीपीएसवर येतं, इतर वेळी 90 च्या वर असतं. चाचण्या लॅन केबलवर घेतल्या आहेत. अपलोड रात्रीही 85 च्या वर राहतं आणि आपल्या सर्व्हरशी स्पीड पूर्ण मिळतो, त्यामुळे अडचण बाहेरच्या जोडणीवर दिसते. कृपया (1) या भागाच्या जोडणीचा रात्रीचा वापर तपासून मला लेखी कळवावं, (2) क्षमता वाढवण्याची तारीख द्यावी, (3) ते शक्य नसल्यास आगाऊ भरलेल्या सहा महिन्यांपैकी उरलेले पैसे परत करावेत. माणूस पाठवायचा असल्यास रात्री 8 ते 10 मध्ये पाठवावा."

शेवटच्या ओळीने फार मोठं काम केलं. सकाळी येऊन तक्रार बंद करण्याची वाटच राहिली नाही.

प्लॅनमध्ये "100 पर्यंत" असं छापलेलं असतं आणि कंपनी त्या "पर्यंत"वर बोट ठेवते. ट्रायच्या 2006 च्या गुणवत्ता नियमांत कंपनीपासून ग्राहकापर्यंत घेतलेल्या स्पीडच्या 80 टक्क्यांहून जास्त स्पीड मिळावा, आणि गर्दीच्या वेळीही बाहेरच्या जोडणीचा वापर 80 टक्क्यांच्या आत असावा, अशी अपेक्षा होती. ऑक्टोबर 2024 पासून नवे नियम लागू आहेत. म्हणून पत्रात मी जुनी कलमं घातली नाहीत, आकडेच बोलू दिले.

6. नोंद क्रमांकाशिवाय तक्रार म्हणजे नुसती गप्पा.

फ्रँचायझीवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कुठेच धरलं जात नाही. पत्र कंपनीच्या तक्रार केंद्राच्या ईमेलवर पाठवून क्रमांक घ्यावा. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. फी नाही, निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून वेळ घालवू नये. त्यापुढे अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

मला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. माणूस रात्री नऊला आला, त्याच्याच लॅपटॉपवर 13 आले, त्याने महाडला फोन लावला. पुढच्या महिन्यात जोडणी वाढवल्याचा ईमेल आला आणि रात्रीचं डाउनलोड 80 च्या वर राहू लागलं.

7. वही लगेच मिटू नका.

गणपतीला चाकरमानी गावी आले, घरोघरी मोबाइलची संख्या वाढली आणि रात्रीचा आकडा 40 वर घसरला. तीन रात्रींची नोंद जुन्याच क्रमांकाचा हवाला देऊन पाठवली. विसर्जनानंतर आकडा पूर्ववत झाला, पण शिमग्याला आणि मे महिन्यात पुन्हा गर्दी होणार हे मी कंपनीला आताच लेखी कळवून ठेवलं आहे.