तेजीचा नफा आणि आपली निवड

मी साताऱ्यात लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. कोणता शेअर घ्यावा हे मी कुणाला सांगत नाही, पण लोकांच्या व्यवहारांचे कागद माझ्या टेबलावर येतात आणि तेजीत माणूस स्वतःबद्दल काय समजून बसतो हे त्या कागदांवर स्पष्ट दिसतं. २०२० नंतर हे कागद एकदम वाढले. त्या वर्षी मार्चअखेर देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. २०२४ च्या मार्चअखेर ती पंधरा कोटींवर गेली. म्हणजे दर चार खात्यांतली जवळपास तीन अशी, की ज्यांनी कोरोनाच्या वेळची पडझड पाहिलीच नव्हती.

या नव्या मंडळींपैकी बरेच जण जूनमध्ये येतात तेव्हा त्यांच्या हातात ब्रोकरकडून आलेलं कॅपिटल गेन स्टेटमेंट असतं आणि चेहऱ्यावर समाधान असतं. ते पाहूनच मला काळजी वाटू लागते. कारण त्या स्टेटमेंटमध्ये फक्त विकलेले शेअर असतात. न विकलेले शेअर वेगळ्या कागदावर, होल्डिंगच्या यादीत असतात, आणि करासाठी तो कागद लागत नसल्यामुळे कुणी तो आणतच नाही. चढलेला शेअर माणूस पटकन विकतो, पडलेला ठेवून देतो. त्यामुळे विक्रीच्या कागदावर बहुतेक ओळी नफ्याच्या दिसतात आणि माणसाची खात्री पटते की आपली निवड चुकतच नाही.

ही सवय आपल्याकडचीच नाही. टेरन्स ओडीन या अमेरिकन अभ्यासकाने तिथल्या एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासून १९९८ साली हेच दाखवलं होतं. लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, त्यांनी सांभाळून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी तीन टक्क्यांहून जास्त वाढले होते.

माझा भाचा चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे आकडे त्याला विचारूनच इथे देतो आहे, कारण त्याच्या वयाच्या मुलांना त्यांचा उपयोग होईल असं त्यालाही वाटतं. त्याने २०२० च्या मार्चअखेर एक लाख रुपये बाजारात घातले, २०२१ च्या मार्चअखेर दोन लाख आणि २०२३ च्या मार्चअखेर तीन लाख. २०२४ च्या उन्हाळ्यात तो आला आणि म्हणाला, "मामा, सहा लाखांवर चार लाख दहा हजार कमावलेत. नोकरीपेक्षा हे बरं जमतंय मला." विक्रीच्या कागदावर आकडा खरोखर तेवढाच होता. मी होल्डिंगची यादी मागवली. तिच्यात न विकलेल्या शेअरवर नव्वद हजारांचा तोटा दडलेला होता. म्हणजे खरा नफा तीन लाख वीस हजार, आणि मार्चअखेर एकूण रक्कम नऊ लाख वीस हजार.

तरीही हे चांगलंच वाटतं. सहाचे नऊ झाले. पण प्रश्न किती मिळाले हा नाही, काहीच डोकं न चालवता किती मिळाले असते हा आहे. म्हणून त्याच तारखांना तेवढीच रक्कम निफ्टीत घातली असती तर काय झालं असतं, हे आम्ही दोघांनी बसून काढलं. निफ्टी २०२० च्या मार्चअखेर ८,५९८ होता, २०२१ ला १४,६९१, २०२३ ला १७,३६० आणि २०२४ ला २२,३२७. पहिल्या लाखाचे झाले असते सुमारे २ लाख ६० हजार, दोन लाखांचे ३ लाख ४ हजार आणि तीन लाखांचे ३ लाख ८६ हजार. बेरीज साडेनऊ लाख. यात कंपन्यांचा लाभांश धरलेलाच नाही. तो धरला तर निर्देशांक आणखी वर जातो. शिवाय भाच्याने वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवर त्या वेळच्या दराने पंधरा टक्के कर भरला होता. इंडेक्स फंड घेऊन गप्प बसलेल्याला विकेपर्यंत एक रुपयाही कर लागला नसता.

त्याचे बहुतेक शेअर छोट्या कंपन्यांचे होते, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. छोट्या कंपन्यांमध्ये धोका जास्त, म्हणून त्यांची तुलनाही छोट्या कंपन्यांच्या निर्देशांकाशी व्हायला हवी. निफ्टी स्मॉलकॅप १०० त्या चार वर्षांत चौपटीच्या आसपास गेला होता. ज्या बाजारात सगळंच वर चाललं होतं, तिथे जास्त धोका घेऊन त्याला मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाइतकंही मिळालं नव्हतं. त्याला जे स्वतःला जमलंय असं वाटलं, तो बाजाराने दिलेला नफा होता, आणि त्यातलाही काही भाग वारंवार केलेल्या खरेदी-विक्रीत गेला होता.

हा हिशेब कुणालाही घरी करता येतो. एक्सेलमध्ये अ स्तंभात तारखा, ब स्तंभात रकमा. घातलेले पैसे उणे चिन्हाने, आणि शेवटच्या ओळीत आजची एकूण किंमत, म्हणजे न विकलेले शेअर आणि खात्यात पडून असलेली रक्कम मिळून, अधिक चिन्हाने. भाच्याच्या चार ओळींसाठी सूत्र असं होतं:

```
=XIRR(B2:B5,A2:A5)
```

उत्तर आलं वर्षाला सुमारे वीस टक्के. मग शेवटच्या ओळीत निफ्टीचे साडेनऊ लाख टाकले, तर बावीस आले. ब्रोकरच्या ॲपमध्ये हिरव्या रंगात दिसणारी टक्केवारी यासाठी चालत नाही, कारण ती बहुधा आज हातात असलेल्या शेअरचीच असते आणि पैसे किती काळ गुंतले होते हे तिला माहीत नसतं.

समजा, तुमचं उत्तर निर्देशांकापेक्षा जास्त आलं. तेही अजून कौशल्याचा पुरावा नाही. निवडक शेअरचा परतावा निर्देशांकापासून वर्षाला पंधरा टक्के इकडेतिकडे सहज हलतो. एखाद्याकडे दरवर्षी तीन टक्के जास्त मिळवण्याइतकी खरी जाण असली, तरी एवढ्या हालचालीतून ती संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर सिद्ध व्हायला शंभर वर्षांचा हिशेब लागेल. चार वर्षांचा, तोही एकाच तेजीतला हिशेब काहीच सिद्ध करत नाही. म्हणून मी लोकांना निकालापेक्षा कारण तपासायला सांगतो. शेअर घेतानाच वहीत तारखेनिशी दोन ओळी लिहायच्या: हा का घेतला, आणि काय घडलं तर माझं चुकलं असं मी मानेन. वर्षाने त्या ओळी वाचायच्या. कंपनीची विक्री वाढेल म्हणून घेतला, विक्री घटली आणि भाव मात्र दुप्पट झाला, तर तो नफा खिशात ठेवावा, पण आपल्या निवडीच्या खात्यावर लिहू नये. भाच्याला आठवेल तशी कारणं लिहायला सांगितली, तेव्हा निम्म्याहून जास्त शेअरपुढे त्याने "व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता" एवढंच लिहिलं.

आयपीओच्या नफ्यात आपली निवड किती, हे ओळखणं आणखी सोपं आहे. मागणी जास्त असली की किरकोळ अर्जदारांना शेअर संगणकाच्या सोडतीने मिळतात. सोडतीत नाव लागणं आणि पहिल्या दिवशी भाव चढणं, या दोन्हींत अर्जदाराची निवड नावापुरतीच असते. २००३ ते २००७ च्या तेजीत आयपीओत सतत पैसे मिळवलेली माणसं माझ्या ओळखीत होती. २००८ च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरचा आयपीओ आला. किरकोळ गुंतवणूकदाराला भाव होता ४३० रुपये, आणि एकूण अर्ज सत्तर पटींहून जास्त. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२ रुपयांवर बंद झाला. जानेवारीत २१,२०० ला पोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरअखेर ७,७०० च्या खाली जाऊन आला.

खरं नुकसान नुसत्या गैरसमजाने होत नाही, गैरसमजावर रक्कम वाढवल्याने होतं. मंदीच्या तळाला माणूस घाबरत एक लाख घालतो. चार वर्षं यश मिळालं की शिखराजवळ तो आठ लाख घालतो. भाच्याचंही तसंच झालं. निफ्टीचा हिशेब त्याला पटला होता, पण सप्टेंबरपर्यंत त्याच्या नऊ लाखांचे अकरा झाले आणि हिशेब मागे पडला. त्याने आठ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं. चौदा टक्के व्याज, पाच वर्षं, महिन्याला साडेअठरा हजारांच्या वर हप्ता. ते सगळे पैसे त्याच छोट्या कंपन्यांत गेले. २६ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२१६ वर बंद झाला होता. ४ मार्च २०२५ ला तो २२,०८३ वर आला. ही घट सोळा टक्क्यांची. स्मॉलकॅप निर्देशांक चतुर्थांशाच्या आसपास उतरले आणि भाच्याचे एकोणीस लाख तीस टक्क्यांनी घटून तेरा लाख तीस हजार झाले. साडेचार वर्षांत मिळालेले पाच लाख आणि वर सत्तर हजार पाच-सहा महिन्यांत गेले. टक्केवारी पाहिली तर त्याची चढती वर्षं उतरत्या महिन्यांपेक्षा कितीतरी मोठी होती. पण चढताना रक्कम लहान होती आणि उतरताना मोठी, त्यातही चाळीस टक्क्यांहून जास्त उसनी.

तोट्यातले काही शेअर मार्चअखेर विकून टाक, तो तोटा याच वर्षीच्या नफ्यातून वजा होईल, उरलेला पुढची आठ वर्षं ओढता येईल, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, आत्ता विकलं तर मी चुकलो असं होईल." शेअर निवडण्याचा प्रश्न तिथे केव्हाच मागे पडला होता. यानंतर अनेक जण गेलेले पैसे लवकर भरून काढायला ऑप्शनकडे वळतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या दर शंभर वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी त्र्याण्णव जण तोट्यात निघाले. भाचा तिकडे गेला नाही, याचं मला फार समाधान आहे. त्याने अर्धे शेअर विकून कर्जाचा मोठा भाग फेडला.

तुमचं खातं २०२० नंतरचं असेल तर या रविवारी दोन्ही कागद शेजारी ठेवा, विकलेल्या शेअरचा आणि न विकलेल्यांचा. सगळ्या तारखा आणि रकमा मांडून तुमची टक्केवारी काढा, आणि तेवढेच पैसे त्याच तारखांना इंडेक्स फंडात असते तर किती झाले असते तेही काढा. स्वतः निवडलेल्या शेअरमधली रक्कम एकूण बचतीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि बाजार किमान वीस टक्के पडून त्यातही तुमचा हिशेब निर्देशांकापेक्षा बरा निघेपर्यंत ती मर्यादा वाढवू नका. कर्ज काढून तर एकही शेअर घेऊ नका.