सांत्वनाचं उत्तर : मित्राच्याच शब्दांना धरून

समजा कोरपन्यातल्या आपल्या मित्राचे सकाळी तीन मेसेज आले :

"बाबा गेले."
"शेतातून आले, पाणी मागितलं. मग..."
"आईकडे पाहवत नाही."

आपला हात लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली'कडे जातो. पण श्रद्धांजली गेलेल्या माणसाला असते. इथे तर मित्र आपल्याशी बोलतो आहे. 'धीर धर' म्हटलं की त्याचं बोलणंच थांबतं. 'काही लागलं तर सांग' यात मागायचं कामही त्याच्यावरच पडतं.

त्यापेक्षा असं लिहा :

"वाचलं रे. बाबा आपल्याला बांधावर बसवून तुरीच्या उकडलेल्या शेंगा खाऊ घालायचे, तेच डोळ्यापुढे येतं. मी दुपारपर्यंत पोचतो. पाच जणांचा डबा आणतो. आईजवळ मी बसतो. उत्तर देऊ नको."

यात बाबांची एक खरी आठवण आहे. मित्राला आईकडे पाहवत नाही, म्हणून तिच्याजवळ बसायचं काम आपण घेतलं. 'मग...' पुढे काय झालं, हे मात्र विचारलं नाही. ते तुटलेलं वाक्य त्याला वाटेल तेव्हा तोच पुरं करेल.

आठवण नसेल तर बनवू नका. "बाबांना मी भेटलो नव्हतो, तुझ्या बोलण्यातूनच ओळखत होतो," हेही पुरतं. जाणं जमणार नसेल तर 'येतो' लिहू नका. फोन कधी करणार ते लिहा.

तेरवीनंतर पाहुणे जातात, घर रिकामं होतं. तेव्हा दुसरा मेसेज करा : "आज जेवला का?"