प्रतिलेख, इतिवृत्त की सारांश? : ध्वनिमुद्रणाच्या लेखनरूपाची निवड

मौखिक साहित्याच्या अभ्यासकाकडे आज सामग्री येते ती बहुधा ध्वनिमुद्रणाच्या रूपात. भ्रमणध्वनीवर केलेले तास-दीड तासाचे मुद्रण पाठविले जाते आणि सोबत एवढाच निरोप असतो : ‘हे लिहून द्या.’ हा निरोप वाटतो तितका निःसंदिग्ध नाही. ‘लिहिणे’ या एका क्रियापदाखाली तीन भिन्न कृती येतात. जे उच्चारले गेले ते जसेच्या तसे उतरविणे म्हणजे प्रतिलेख. जे ठरले ते नोंदविणे म्हणजे इतिवृत्त. आणि जे सांगितले गेले त्याचा आशय लेखकाने आपल्या शब्दांत मांडणे म्हणजे सारांश. या तिन्हींतील निवड कोणत्या कसोटीवर करावी आणि ती चुकल्यास काय हानी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

1. तीन रूपांची प्रकृती

तिन्ही रूपांत भेद लांबीचा आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः भेद आहे तो शब्द कोणाचे, याचा. प्रतिलेखातील शब्द वक्त्याचे असतात आणि लिहिणारा केवळ त्यांचा साक्षी असतो. इतिवृत्तातील शब्द सभेचे असतात. तेथे कोण किती वेळ बोलले याला महत्त्व नसते. विषय, ठराव, सूचक, अनुमोदक आणि निर्णय एवढेच पुरते. शिवाय पुढील सभेत वाचून कायम होईपर्यंत इतिवृत्त हा एक मसुदाच असतो. सारांशातील शब्द मात्र सारांशकाराचे असतात. त्यात निवड, क्रम आणि भर ही सर्व त्याचीच असल्याने उत्तरदायित्वही त्याचेच असते.

या भेदातून एक व्यावहारिक नियम निघतो. प्रतिलेखावरून पुढे केव्हाही इतिवृत्त किंवा सारांश तयार करता येतो. परंतु सारांशावरून प्रतिलेखाकडे परतण्याची वाट नाही. मूळ मुद्रण नष्ट झाले असेल तर ती कायमची बंद होते. मग प्रत्येक वेळी प्रतिलेखच का करू नये? कारण तो श्रमसाध्य आहे. स्पष्ट आवाजातील एकट्या वक्त्याचे एका तासाचे मुद्रण उतरविण्यास सरावलेल्या माणसालाही चार ते सहा तास लागतात. बोलीतील, अनेकांच्या संवादाचे किंवा गाण्याचे मुद्रण असेल तर त्याहून अधिक. म्हणून प्रश्न ‘सर्व उतरवावे की नाही’ असा नसून, ‘या मुद्रणातील कोणत्या भागात शब्द हीच सामग्री आहे’ असा आहे.

2. परंपरेतील एक पूर्वोदाहरण

मराठी गद्याच्या आरंभकाळीच हा प्रश्न उभा राहिला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या भक्तांना भेटून, विचारून मिळविल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. तेथे ध्वनिमुद्रण नव्हते, स्मरण होते. म्हणून त्याला आजच्या अर्थाने प्रतिलेख म्हणता येणार नाही. परंतु वृत्ती प्रतिलेखकाची आहे. प्रसंग कोठे घडला, कोण उपस्थित होते, कोणी काय विचारले, हे तेथे टिकून राहते. पुढे महानुभावीय पोथ्यांत ‘वासना’ या संज्ञेने पाठभेदही नोंदविले गेले. दोन सांगण्यांत फरक पडला, तर एक खोडून दुसरे ठेवण्याऐवजी दोन्ही ठेवण्याचा हा विवेक आहे.

याच सामग्रीतून केशिराजबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढली आणि ‘सूत्रपाठ’ तयार झाला. पाठांतरासाठी, चिंतनासाठी ते रूप सोयीचे होते. परंतु वचन प्रसंगापासून सुटताच त्याचा रोख कोणाकडे होता, ते विधी म्हणून उच्चारले की उत्तर म्हणून, हे कळेनासे होते. म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ लिहिण्याची गरज संप्रदायात उत्पन्न झाली. संक्षेपाने गाळलेला संदर्भ पुन्हा आणावा लागला, आणि तो आणता आला तो लीळांची परंपरा शिल्लक होती म्हणूनच. संक्षेप हा दोष नव्हे. विस्तृत पाठ हाताशी नसताना केलेला संक्षेप हा दोष होय.

3. सेलू येथील एक कल्पित उदाहरण

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. ते रचलेले आहे, पण असे मुद्रण सेलूसारख्या गावातील कोणत्याही मराठी विभागाकडे येऊ शकते. 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने एका समितीची बैठक झाली. बैठकीस परिसरातील एका वृद्ध बाईंना निमंत्रित केले होते. संपूर्ण बैठकीचे 74 मिनिटांचे मुद्रण विभागातील विद्यार्थ्याकडे आले आणि सोबत ‘लिहून द्या’ एवढाच निरोप.

विद्यार्थ्याने प्रथम काहीही न लिहिता संपूर्ण मुद्रण एकदा ऐकले आणि वेळेनिशी टाचण केले. पहिली 18 मिनिटे कार्यक्रमाची जागा, खर्च आणि निमंत्रणे यांवर चर्चा होती. पुढील 41 मिनिटे बाई रझाकारांच्या काळाच्या आठवणी सांगत होत्या आणि मधूनमधून जात्यावरच्या ओव्या गात होत्या. अखेरच्या 15 मिनिटांत या आठवणींचे पुढे काय करावे, यावर मतभेद झाले. म्हणजे एका मुद्रणात तीन प्रकृतींची सामग्री होती आणि एकच लेखनरूप तिन्हींना लागू पडणारे नव्हते.

पहिल्या भागाचे इतिवृत्त करणे उचित. जागा कोणती ठरली, खर्चास मान्यता कोणी सुचविली, अनुमोदन कोणी दिले, एवढे अर्ध्या पानात बसते. तेथे शब्दशः लेखन केल्यास निर्णय संभाषणाच्या गर्दीत हरवतो. शिवाय कोणी सहज काढलेला उद्गार कायमचा दप्तरी लागतो.

दुसऱ्या भागाचा प्रतिलेख अपरिहार्य आहे. समजा, बाईंचे एक वाक्य असे आहे : ‘रझाकाराच्या साली आमी शेतातच निजायचो, माय म्हनायची दिवा लावू नगा.’ याचा सारांश बहुधा असा होईल : ‘1948 मध्ये रझाकारांच्या भीतीने कुटुंबाला शेतात आश्रय घ्यावा लागला.’ वरवर पाहता आशय तोच आहे. पण बाईंनी वर्ष सांगितलेले नाही. रझाकारांचा उपद्रव 1947 पासून वाढत गेला आणि सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईने संपला. ‘रझाकाराच्या साली’ या शब्दांनी नेमके कोणते वर्ष सूचित होते, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. ‘निजायचो’ या रूपात नित्य घडणारी गोष्ट आहे, ती ‘आश्रय घ्यावा लागला’ यात एकदाच घडल्यासारखी झाली. ‘भीती’ हा शब्द तर बाईंनी उच्चारलेलाच नाही. त्यांनी दिवा सांगितला. इतिहासाच्या आणि बोलीच्या अभ्यासकाला जे हवे, नेमके तेच सारांशात नाहीसे झाले. ‘आमी’, ‘म्हनायची’, ‘नगा’ ही रूपे प्रमाणभाषेत बदलणे हीसुद्धा याच जातीची हानी आहे. वाचकासाठी प्रमाण रूप हवे असल्यास ते स्वतंत्र ओळीत द्यावे, मूळ ओळीच्या जागी नव्हे.

ओव्यांबाबत आणखी एक प्रश्न उद्भवतो. गाताना चरणांची पुनरावृत्ती होते, मध्येच टेक येते, ‘बाई गं’ सारखी संबोधने शिरतात. अभ्यासक सवयीने ती गाळून ओवी ‘स्वच्छ’ करतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यास पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रणाची जोड मिळाली. 2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळावर या संग्रहातील ओव्या प्रसिद्ध होत आहेत आणि त्यांत लिखित पाठासोबत गायनही ऐकावयास मिळते. त्यातून घेण्याजोगा धडा असा की, ओवीचा लिखित पाठ आणि गायलेला पाठ एकमेकांची जागा घेत नाहीत. म्हणून निदान एक ओवी तरी गायल्याप्रमाणे पूर्ण उतरवावी, उर्वरित ओव्यांत पुनरावृत्ती कोठे गाळली याची खूण ठेवावी आणि मूळ मुद्रण जपावे. या 41 मिनिटांना सहा ते आठ पट वेळ धरला तरी चार ते साडेपाच तास लागतील. दोन बैठकांत होणारे हे काम आहे.

तिसऱ्या भागाचा सारांश पुरेसा आहे, पण तो मतभेद झाकणारा नसावा. ‘चर्चेअंती आठवणी प्रसिद्ध करण्याचे ठरले’ असे लिहिणे येथे असत्य ठरेल, कारण ठराव झालाच नाही. कोणत्या दोन बाजू मांडल्या गेल्या आणि प्रश्न अनिर्णित राहिला, हे सारांशात आले पाहिजे. येथेच आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानात आली : आठवणींत गावातील काही कुटुंबांची नावे आली होती, आणि बाईंची संमती सांगण्यापुरती होती की छापण्यासाठी, हे मुद्रणात कोठेही नव्हते. म्हणून प्रतिलेख पूर्ण करून ठेवावा, पण तो देण्यापूर्वी बाईंना वाचून दाखवावा, हाच मार्ग राहतो.

4. चुकीच्या खुणा

निवड चुकली आहे हे तयार मजकुरावरूनही ओळखता येते. प्रतिलेखात एकही ‘अस्पष्ट’ अशी नोंद नसेल आणि सर्व वाक्ये व्याकरणशुद्ध असतील, तर लिहिणाऱ्याने ऐकण्याऐवजी संपादन केले आहे, असे समजावे. न कळलेला शब्द अंदाजाने भरण्यापेक्षा ‘अस्पष्ट, 23 मि. 14 से.’ अशी नोंद अधिक प्रामाणिक, कारण दुसरा कोणी त्याच जागी पुन्हा ऐकू शकतो. इतिवृत्तात ‘ते म्हणाले’, ‘त्यावर त्या म्हणाल्या’ अशी मालिका आली, तर ते इतिवृत्त राहिलेले नाही. सारांशाची परीक्षा आणखी सोपी आहे : त्यातील कोणतेही विधान घेऊन मुद्रणातील मिनिट दाखविता आले पाहिजे. ‘1948’ या अंकाला असे मिनिट सापडणार नाही, आणि चूक तेथेच उघड होते.

समारोप

‘लिहून द्या’ असा निरोप आल्यास पाठविणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात : हे कोण वाचणार आहे, त्याला बोललेले हवे आहे की ठरलेले, आणि बोलणाऱ्याने कशास संमती दिली आहे. उत्तर मिळाले नाही, तर मुद्रणाचे वेळेनिशी टाचण करावे, निर्णयाच्या भागाचे इतिवृत्त द्यावे आणि जेथे शब्द हीच सामग्री आहे तेथे प्रतिलेख करावा. निर्णय पुढील सभेत दुरुस्त करता येतो, सारांश पुन्हा लिहिता येतो. परंतु मुद्रण हरवल्यावर आणि बाई हयात नसताना, शेतात दिवा का लावायचा नव्हता हे त्यांच्या शब्दांत पुन्हा मिळणार नाही.