सिमिलॅरिटी रिपोर्ट जास्त आला? आता परिच्छेद पुन्हा कसा लिहायचा



नोकरी सांभाळून एम.एड. किंवा पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकांच्या वाट्याला शेवटच्या टप्प्यावर एक कागद हमखास येतो, तो म्हणजे सिमिलॅरिटी रिपोर्ट. त्यावर ३४ टक्के असा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. मग रात्र रात्र बसून शब्द बदलण्याचं काम सुरू होतं. 'मूल'चं 'बालक' होतं, 'लक्ष'चं 'अवधान' होतं, आकडा थोडा खाली येतो. लेखन मात्र आधीपेक्षा वाईट होतं आणि मूळ दोषही जात नाही. म्हणून आजच्या लेखात रिपोर्ट हातात आल्यावर नेमकं काय करायचं ते एका नमुन्यावर पाहू.

आकडा काय सांगतो?

सॉफ्टवेअर चोरी शोधत नाही, ते जुळणारे शब्दक्रम शोधतं. तुमचं वाक्य त्याच्याकडच्या साठ्यातल्या एखाद्या मजकुराशी जुळलं की त्यावर रंग चढतो. ते वाक्य अवतरण आहे, कायद्याचं नाव आहे की उचललेला परिच्छेद आहे, हे माणसानेच पाहायचं असतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी टप्पे ठरवून दिले आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर सुधारित प्रबंध देण्यास वर्षभर मनाई होते. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे आणि प्रचलित संज्ञा या तपासणीतून वगळायच्या असतात.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नसून रिपोर्ट नीट वाचण्याचं आहे. समजा, इयत्ता चौथीच्या वाचनावरच्या लघुशोधप्रबंधाला ३४ टक्के आले. पानं उलटून पाहिल्यावर कळलं की ८ टक्के संदर्भसूचीचे आहेत, ६ टक्के अवतरणचिन्हांतल्या व्याख्यांचे आणि ४ टक्के शासकीय योजना व कायद्यांच्या नावांचे. उरलेले १६ टक्के जवळपास सगळे दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे संबंधित साहित्याच्या आढाव्यात आहेत. पहिले तीन भाग वगळून पुन्हा तपासणी करून द्या, असं मार्गदर्शकांना आणि ग्रंथपालांना सांगता येतं. खरं काम त्या १६ टक्क्यांचं आहे.

ग्रंथपालांना आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या. कच्चा मसुदा तपासताना तो सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा होतो का? तो जमा झाला असेल, तर दुसऱ्या वेळी तुमचाच प्रबंध तुमच्याच जुन्या मसुद्याशी जुळतो आणि आकडा नव्वदीपर्यंतही जाऊ शकतो. अशा वेळी घाबरू नका. जुळलेला स्रोत कोणता आहे ते रिपोर्टात दिसतं. तो स्वतःचाच मसुदा असेल तर तो वगळून घ्यायचा.

एक परिच्छेद, तीन मसुदे

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. आढाव्याच्या प्रकरणातला एक परिच्छेद लाल झाला आहे. तो ज्या पुस्तकातून आला, तिथला मजकूर असा आहे असं धरू (नमुन्यासाठी मीच तो लिहिला आहे):

> वाचायला शिकणाऱ्या मुलाचे लक्ष मर्यादित असते. त्यातील बहुतांश लक्ष अक्षरे आणि जोडाक्षरे ओळखण्यात खर्च झाले, तर वाक्याचा अर्थ लावण्यासाठी पुरेसे लक्ष उरत नाही. म्हणून शब्द ओळखण्याची क्रिया आपोआप होऊ लागणे ही आकलनाची पूर्वअट आहे.

बहुतेक जण रिपोर्ट आल्यावर जो पहिला मसुदा करतात, तो असा असतो:

> वाचन शिकणाऱ्या बालकाचे अवधान सीमित असते. त्यातील बरेचसे अवधान अक्षरे व जोडाक्षरे ओळखण्यात व्यतीत झाले, तर वाक्याचा अर्थ समजण्यासाठी पुरेसे अवधान शिल्लक राहत नाही.

यात दहाएक शब्द बदलले, पण वाक्यांचा क्रम तोच आहे, 'त्यातील... तर...' ही रचना तीच आहे आणि संदर्भही दिलेला नाही. सॉफ्टवेअर कदाचित याला सोडून देईल. पण मूळ पुस्तक वाचलेल्या परीक्षकाला दुसऱ्याच ओळीला कळेल. याला रूपांतर म्हणत नाहीत, हे शब्द बदलून केलेलं उतरवणं आहे. शिवाय 'लक्ष' हा सरळ शब्द सोडून 'अवधान' आणल्याने वाचायलाही जड झालं.

दुसरा मसुदा थोडा धीट असतो:

> मुलांना शब्द झटपट ओळखता आले की त्यांना वाक्याचा अर्थ कळतो (लेखक, वर्ष).

हा रिपोर्टात अजिबात दिसणार नाही. संदर्भही दिलेला आहे. तरी तो चुकीचा आहे. मूळ लेखकाने आपोआप शब्द ओळखणं ही 'पूर्वअट' म्हटली होती, म्हणजे ते नसेल तर आकलन अडतं. ते असलं की आकलन होतंच, असं त्याने म्हटलेलं नाही. भराभर वाचून काहीच न समजलेली मुलं आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असतात. थोडक्यात, या मसुद्यात लेखकाच्या नावावर त्याने न केलेलं विधान घातलं गेलं. शब्द बदलण्याच्या नादात 'असू शकते', 'बहुतांश', 'पूर्वअट' असे मर्यादा घालणारे शब्द सगळ्यात आधी गळतात. म्हणून रूपांतर झाल्यावर हे शब्द जागेवर आहेत का, ते मुद्दाम तपासावं.

तिसरा मसुदा वेगळ्या पद्धतीने होतो. पुस्तक उघडं ठेवून वाक्यामागून वाक्य बदलायचं नाही. परिच्छेद दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि वहीत फक्त दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची. लेखकाचं म्हणणं काय आहे? माझ्या अभ्यासाला त्याचा उपयोग काय? पहिल्याचं उत्तर इथे असं येईल: 'शब्द ओळखण्यातच दम गेला तर अर्थाला जागा उरत नाही. आपोआप ओळखणं आवश्यक.' दुसऱ्याचं उत्तर असं येईल: 'म्हणून मी आकलनाच्या चाचणीआधी वाचनाचा वेग आणि अचूकता मोजली.' पुस्तक बंद ठेवून या टिपणांवरून लिहायचं:

> आकलनात मागे पडणाऱ्या मुलाची अडचण अर्थाच्या आधीच्या पायरीवर असू शकते. शब्द ओळखण्याचे काम आपोआप होत नसेल, तर मुलाची बरीचशी शक्ती तिथेच संपते आणि आकलन अडते, असे (लेखक, वर्ष) यांचे म्हणणे आहे. प्रस्तुत अभ्यासात पाहिल्याप्रमाणे 'प्रार्थना' किंवा 'आश्चर्य' अशा शब्दांपाशी थांबलेली मुले वाक्याची सुरुवात विसरत होती. म्हणून आकलन चाचणीपूर्वी प्रत्येक मुलाने एका मिनिटात अचूक वाचलेले शब्द मोजले.

आता पुस्तक पुन्हा उघडायचं आणि शेजारी ठेवून ताडून पाहायचं. अर्थ सरकला नाही ना? एखादा शब्दसमूह जसाच्या तसा आठवून आला का? आला असेल आणि तो खास लेखकाचा असेल, तर अवतरणचिन्हांत घालायचा. 'जोडाक्षर', 'आकलन' या सर्वांच्या संज्ञा आहेत, त्या बदलायच्या नाहीत. 'आकलन'च्या जागी 'उमज' लिहिलं तर परीक्षकाला वाटेल की तुम्ही दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलताय.

या मसुद्यात आणखी एक गोष्ट पाहा. लेखकाचं म्हणणं कुठे संपतं आणि स्वतःचं निरीक्षण कुठे सुरू होतं, ते स्पष्ट दिसतं. परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकला असता, तर 'प्रार्थना' शब्दाचं उदाहरणही लेखकाच्या नावावर गेलं असतं.

संदर्भ नेमका कोणाचा द्यायचा?

वरच्या मजकुरातला विचार मुळात लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये मांडला. मराठी पुस्तकात त्यांचं नाव आहे म्हणून थेट '(लाबर्ज व सॅम्युएल्स, १९७४)' असा संदर्भ देण्याचा मोह होतो. पण आपण वाचलं ते मराठी पुस्तक. मूळ लेख वाचला नसेल तर 'लाबर्ज व सॅम्युएल्स (१९७४), अमुक पुस्तकात उद्धृत' असंच लिहायचं आणि संदर्भसूचीत आपण वाचलेलं पुस्तक द्यायचं.

कमी टक्के म्हणजे सुटका नव्हे

मराठी प्रबंधांच्या बाबतीत हे जास्त लागू आहे. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून घातला तर सॉफ्टवेअरला बहुधा काही जुळत नाही. संदर्भ नसेल तर ते तरीही वाङ्मयचौर्यच. तसंच, युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण संगणकाला तो रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड वाटतो. त्यामुळे युनिकोडमधल्या मराठी मजकुराशी तो जुळतच नाही. अशा फाइलवर २ टक्के आले तर त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही. मार्गदर्शकाने आधी फाइल युनिकोडमध्ये आहे ना, ते पाहावं.

उरलेल्या १६ टक्क्यांचं काय?

प्रत्येक रंगीत परिच्छेदापाशी थांबून तीनपैकी एक निर्णय घ्यायचा. व्याख्या किंवा कायद्याचं कलम असेल, जिथे शब्द न् शब्द महत्त्वाचा आहे, तिथे अवतरण ठेवायचं. विचार महत्त्वाचा असेल तिथे वर दाखवल्याप्रमाणे मिटलेल्या पुस्तकाने लिहायचं. आणि 'माझ्या अभ्यासाला याचा उपयोग काय?' या प्रश्नाला उत्तरच मिळालं नाही, तर तो परिच्छेद काढून टाकायचा. आढाव्याच्या प्रकरणातला बराच मजकूर या तिसऱ्या गटात निघतो, कारण तो पानं भरण्यासाठीच आलेला असतो.

एका परिच्छेदाला सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. त्यामुळे सादरीकरणाच्या आदल्या रात्री हे जमत नाही. रिपोर्ट आल्यावर मार्गदर्शकांकडे मुदत मागताना परिच्छेद मोजून तेवढे दिवस मागा.

पालकहो, मुलांच्या शाळेतल्या प्रकल्पालाही हीच पद्धत चालते. नेटवरचा मजकूर वाचून झाला की मोबाईल बाजूला ठेवायला सांगा आणि 'काय वाचलंस ते मला सांग' म्हणा. मूल जे बोलेल तेच त्याला वहीत लिहू द्या आणि खाली कुठून वाचलं ते एका ओळीत लिहायला सांगा.